चौथी अट गाळू नका

एनसीईआरटीच्या बारावीच्या गणितात, संभाव्यतेच्या तेराव्या प्रकरणात, तीन घटना परस्पर स्वतंत्र कधी म्हणायच्या याची व्याख्या दिली आहे. तिथे चार अटी आहेत. पहिल्या तीन जोड्यांच्या आहेत: A आणि B, A आणि C, B आणि C. चौथी तिघींची एकत्र:

P(A∩B∩C) = P(A)·P(B)·P(C)

मी रिसालीत बरीच वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो आहे. ही चौथी ओळ वर्गात घाईने वाचली जाते असा माझा अनुभव आहे. मुले समजतात की पहिल्या तीन अटी तपासल्या की चौथी आपोआप येतेच; पुस्तकाने फक्त पूर्णतेसाठी लिहिली असेल. माझे म्हणणे असे की ही ओळ आपल्या कॅडेटांना नीट, उदाहरणासकट आणि हाताने करून दाखवली पाहिजे. त्यासाठी एक तास पुरतो आणि सामान दोन नाणी.

आधी एक गोष्ट मोकळी करून घेऊ. आमच्याकडे भिलाईत मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजीत शिकतात. हिंदी पुस्तकातले ‘परस्पर अपवर्जी’ आणि ‘स्वतंत्र’ हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात एकमेकांवर चढून बसतात. अपवर्जी म्हणजे एक घडली की दुसरी घडूच शकत नाही. स्वतंत्र म्हणजे एक घडली हे कळल्यावरही दुसरीबद्दलचा आपला अंदाज जराही बदलत नाही. अपवर्जी घटनांत तर एकीची बातमी दुसरीबद्दल सगळेच सांगून जाते! हा फरक पक्का असेल तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

आता उदाहरण. आपली शाळा सैनिकी आहे, तर पहाऱ्याचेच घेऊ. हा प्रसंग मी कल्पनेने रचला आहे, कुठल्याही खऱ्या ठाण्याचा नाही.

एका ठाण्याला तीन चौक्या आहेत. माणसे कमी असल्यामुळे प्रत्येक चौकीवर सरासरी निम्म्याच रात्री पहारा ठेवता येतो. कुठली चौकी कुठल्या रात्री रिकामी आहे हे बाहेरून पाहणाऱ्याला ओळखता येऊ नये, म्हणून रोज संध्याकाळी नाणे उडवून ठरवायचे. पहिले नाणे छापा पडले की पहिली चौकी रिकामी. दुसरे नाणे छापा पडले की दुसरी रिकामी. तिसऱ्या चौकीसाठी तिसरे नाणे हवे. पण पाळीपत्रक लिहिणाऱ्याने विचार केला, तिसरे नाणे कशाला? दोन्ही नाणी सारखी पडली, म्हणजे दोन्ही छापा किंवा दोन्ही काटा, तर तिसरी चौकी रिकामी. वेगवेगळी पडली तर तिथे पहारा. सारखी पडण्याची संभाव्यताही १/२ च आहे. मग बिघडले कुठे?

दोन नाण्यांचे चारच प्रकार होतात आणि प्रत्येकाची संभाव्यता १/४. ते एकेक करून लिहू.

छापा, छापा: पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या रिकाम्या.
छापा, काटा: फक्त पहिली रिकामी.
काटा, छापा: फक्त दुसरी रिकामी.
काटा, काटा: फक्त तिसरी रिकामी.

पहिली चौकी चारांपैकी दोन ओळींत रिकामी आहे, म्हणजे १/२. दुसरी आणि तिसरीही तशीच. आता जोड्या पाहा. पहिली आणि दुसरी दोन्ही रिकाम्या असलेली ओळ एकच, वरची. संभाव्यता १/४, आणि १/२ गुणिले १/२ बरोबर १/४. पहिली आणि तिसरी दोन्ही रिकाम्या? पुन्हा वरची एकच ओळ, १/४. दुसरी आणि तिसरी? तीच ओळ, १/४. तिन्ही जोड्या स्वतंत्र ठरल्या. पहिल्या तीन अटी पास.

चौथी अट घ्या. तिन्ही चौक्या एकाच रात्री रिकाम्या असण्याची संभाव्यता गुणाकाराप्रमाणे १/२ गुणिले १/२ गुणिले १/२, म्हणजे १/८ यायला हवी. प्रत्यक्षात ती १/४ आहे, कारण तीच वरची ओळ. दुप्पट. ठाणे पूर्ण उघडे पडण्याच्या रात्री हिशेबात आठांत एक धरल्या होत्या, त्या चारांत एक निघाल्या.

इथेच थांबलो असतो तर हे एक कोडे म्हणून राहिले असते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. समजा पाळीपत्रक लिहिणाऱ्याने नियम उलटा केला: नाणी वेगवेगळी पडली तर तिसरी चौकी रिकामी. पुन्हा चार ओळी लिहा. छापा-छापा: पहिली आणि दुसरी रिकाम्या, तिसरीवर पहारा. छापा-काटा: पहिली आणि तिसरी रिकाम्या. काटा-छापा: दुसरी आणि तिसरी. काटा-काटा: एकही रिकामी नाही. आता जोड्या मोजल्या तर प्रत्येक जोडी पुन्हा १/४. प्रत्येक चौकी पुन्हा १/२. आणि तिन्ही एकाच रात्री रिकाम्या? कधीच नाही. शून्य.

रात्रफेरीवर निघालेल्या अधिकाऱ्याला एका रात्रीत दोनच चौक्या गाठता येतात असे धरा. तो कधी पहिली-दुसरी पाहतो, कधी दुसरी-तिसरी, कधी पहिली-तिसरी. प्रत्येक जोडीच्या चाळीस रात्री झाल्या की त्याच्या वहीत काय असेल? दोन्ही रिकाम्या सुमारे दहा वेळा, दोन्हींवर पहारा सुमारे दहा वेळा, आणि एकच रिकामी असण्याचे दोन प्रकार सुमारे दहा-दहा वेळा. नियम सुलटा असो, उलटा असो, की तिसरे नाणे खरोखर उडवलेले असो, तिन्ही ठिकाणी ही वही सारखीच दिसेल. चाळीसच्या जागी चार हजार रात्री फिरला तरी. एका ठाण्यात दर चौथ्या रात्री सगळे मोकळे, दुसऱ्यात एकदाही नाही, आणि दोघांच्या वह्यांत फरक नाही! यात अधिकाऱ्याचा आळस नाही. जे कळायला हवे ते जोड्यांच्या नोंदींत मुळातच नाही, म्हणून नोंदी कितीही वाढवून ते सापडणार नाही.

आणि शोधायची पद्धत बदलली तर ते किती लवकर सापडते ते पाहा. एका रात्री तिन्ही चौक्यांवर एकेक माणूस पाठवा आणि रिकाम्या चौक्या मोजा. सुलट्या नियमात ही संख्या एक किंवा तीन, म्हणजे नेहमी विषम येते. उलट्या नियमात शून्य किंवा दोन, नेहमी सम. तीन वेगळी नाणी असतील तर सम आणि विषम निम्मे-निम्मे. त्यामुळे दहा रात्री ओळीने विषम संख्या आली, तर तीन स्वतंत्र नाण्यांनी असे होण्याची शक्यता १०२४ त एक उरते. जोड्यांच्या चार हजार रात्रींनी जे कळले नाही, ते दहा रात्रींत जवळपास पक्के होते. अर्थात काय मोजायचे हे आधी ठरलेले हवे. नोंदी समोर ठेवून मागाहून नमुने शोधत बसले तर कुठलातरी नमुना कुठेही सापडतो, आणि मग १०२४ त एक हा आकडा वापरता येत नाही.

हे उदाहरण माझे नाही. मी फक्त त्याला पहाऱ्याचे कपडे घातले. रशियन गणिती सर्गेई बर्नस्टाइन यांच्या नावाने ते ओळखले जाते. त्यांच्याकडे नाण्यांऐवजी चार तोंडांचा ठोकळा आहे: एक तोंड लाल, एक हिरवे, एक निळे आणि चौथ्यावर तिन्ही रंग. ठोकळा टाकून खालच्या तोंडावर कोणते रंग आहेत ते पाहायचे. आपल्या चार ओळींशी ताडून पाहा, तंतोतंत तेच आहे. कोल्मोगोरोव यांनी १९३३ साली संभाव्यतेचा पाया नव्याने घातला, त्या पुस्तकातही बर्नस्टाइन यांचा उल्लेख करून हे उदाहरण दिले आहे. चौथी अट वेगळी लिहावी लागते हे दाखवायला त्यांना दुसऱ्या कशाची गरज पडली नाही.

काही शिक्षकमित्र यावर म्हणतात की एनडीएच्या गणिताच्या पेपरात १२० प्रश्न आणि अडीच तास असतात, एका प्रश्नाला सव्वा मिनिट. हे बारकावे कोण विचारतो? त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. बऱ्याच प्रश्नांत ‘तीन जण स्वतंत्रपणे प्रयत्न करतात’ असे सरळ लिहिलेले असते. तिथे चारही अटी दिलेल्याच असतात, मुलाने डोळे मिटून गुणावे. मात्र ‘घटना जोडी-जोडीने स्वतंत्र आहेत’ असे शब्द आले की तिघींचा गुणाकार करण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. एका शब्दाने उत्तर बदलते. हे ओळखायला सव्वा मिनिटही लागत नाही, पण उदाहरण एकदा डोळ्यांखालून गेलेले हवे.

जोडीने स्वतंत्र असणे अगदीच कुचकामी आहे असेही मुलांना सांगू नये. काही हिशेबांना ते पुरते. रिकाम्या चौक्यांची रोजची सरासरी तिन्ही पद्धतींत दीडच आहे. तिच्याभोवतीचा पसारा मोजणारे प्रचरणही तिन्हींत ३/४ च येते. सुलट्या नियमात चार ओळींतल्या संख्या ३, १, १, १ आहेत. दीडपासूनच्या अंतरांचे वर्ग सव्वादोन आणि तीनदा पाव, बेरीज तीन, भागिले चार. उलट्या नियमात २, २, २, ० घेऊन करा, तेच येईल. प्रचरण काढताना घटना दोन-दोननेच एकमेकींना भेटतात, म्हणून तिथे जोड्या पुरतात. महिन्याला किती माणूस-रात्री लागतील हा शिधा-पाण्याचा हिशेब असेल तर जोड्यांवर खुशाल भागवा. ‘सगळे एकाच वेळी’ हा प्रश्न असेल तर भागवू नका.

आता मुलांना ज्यात खरी गोडी वाटते तिकडे वळतो. हीच चार ओळींची रचना सैन्याच्या गुप्त संदेशात आहे, आणि तिथे ती दोष म्हणून नाही, मुद्दाम वापरलेली आहे.

निरोप एकच आहे असे धरा: ‘पुढे चला’ किंवा ‘थांबा’. निरोप पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे आधीपासून एक नाणे उडवून लिहून ठेवलेली किल्ली आहे, छापा किंवा काटा. ‘पुढे चला’ला छापा माना आणि ‘थांबा’ला काटा. निरोप आणि किल्ली सारखे असतील तर तारेवर ० पाठवायचा, वेगळे असतील तर १. शत्रूने तार ऐकली, ० मिळाला. त्यातून निरोप काय होता हे त्याला काही कळत नाही: किल्ली छापा असेल तर ‘पुढे चला’, काटा असेल तर ‘थांबा’, आणि दोन्ही सारखेच शक्य. किल्ली एकटी हाती लागली तरी निरोप कळत नाही. पण तार आणि किल्ली दोन्ही ज्याच्याकडे आहेत त्याला निरोप शंभर टक्के कळतो. एकेकटे काहीच सांगत नाही, दोन मिळून सगळे सांगतात. चौकीच्या पत्रकात जे घातक होते तेच इथे कामाला लावले आहे.

अशा पद्धतीने तार यंत्राचे संदेश झाकण्याची युक्ती अमेरिकेतल्या गिल्बर्ट व्हर्नम यांनी १९१७ च्या सुमारास काढली, आणि ती का फुटत नाही याची पक्की सिद्धता क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली छापली. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. निरोप ‘थांबा’च जास्त वेळा जात असेल, समजा चारांत तीनदा, तरी तार आणि निरोप स्वतंत्रच राहतात, कारण किल्ली निम्मी-निम्मी आहे. पण तार आणि किल्ली आता स्वतंत्र राहत नाहीत: तारेवर ० आला की किल्ली काटा असण्याची संभाव्यता ३/४ होते. किल्ली एकदाच वापरून फाडली तर शत्रूला या अंदाजाचा काही उपयोग नाही. दुसऱ्यांदा वापरली तर आहे.

कसा, ते पाहा. त्याच किल्लीने दोन निरोप पाठवले. पहिली तार ०, दुसरी तारही ०. एकट्या पहिल्या तारेतून दोन्ही निरोपांबद्दल काही कळत नाही. एकट्या दुसरीतूनही नाही. दोन्ही समोर ठेवल्या की किल्ली मधून निघून जाते आणि एवढे उरते: दोन्ही निरोप सारखे होते. तारा वेगळ्या आल्या असत्या तर निरोप वेगळे. किल्ली न मिळवता शत्रूला निरोपांमधला संबंध कळला. लांब संदेशात असे संबंध शेकड्यांनी मिळतात, आणि त्यात कुठे ठरावीक मायना किंवा नेहमीचा शब्द असेल तर तिथून धागा ओढता येतो.

हे इतिहासात घडले आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघ आपल्या तारा आधी संकेतकोशातून आकड्यांत बदलत असे आणि मग त्या आकड्यांत एकदाच वापरायच्या वहीतले आकडे मिळवत असे. पद्धत नीट वापरली तर अभेद्य. पण १९४२ च्या सुरुवातीला, युद्धाच्या धामधुमीत, त्या वह्यांची काही पाने दोनदा छापली गेली आणि वेगवेगळ्या वह्यांत लागली. अमेरिकन सैन्याच्या संकेतशाखेने फेब्रुवारी १९४३ मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन हॉल इथे या तारांवर काम सुरू केले. सुट्या तारांकडे कितीही पाहून काही निघाले नसते. हजारो तारा एकमेकींशी ताडून पाहिल्यावर त्याच वर्षी काही जोड्यांमध्ये एकच पान वापरल्याच्या खुणा दिसल्या. संकेतकोश उलगडण्याचे कष्ट पुढे अनेक वर्षे चालले आणि सगळ्या तारांपैकी थोड्याच वाचता आल्या. हे काम ‘व्हेनोना’ या नावाने ओळखले जाते, आणि १९९५ साली ते जगापुढे उघड करण्यात आले.

शिक्षकांना माझी सूचना साधी आहे. वर्गाचे तीन-तीन मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला दोन नाणी द्या. नाणी चाळीस वेळा उडवायची. एका मुलाने फक्त पहिल्या-दुसऱ्या चौकीची नोंद ठेवायची, दुसऱ्याने दुसऱ्या-तिसऱ्याची, तिसऱ्याने तिन्हींची. निम्म्या गटांना सुलटा नियम द्या, निम्म्यांना उलटा, आणि कोणाकडे कोणता हे बाकीच्यांना सांगू नका. मग जोडीच्या वह्या फळ्याशी मांडून मुलांनाच विचारा, कोणता गट कुठल्या नियमाचा? पालकांनाही हे सुट्टीत घरी करता येईल, नाण्यांऐवजी लुडोच्या दोन सोंगट्यांनी नव्हे, दोन फाशांनी: विषम म्हणजे छापा, सम म्हणजे काटा.

चौथी अट एकदा पटली की घटना वाढल्यावर अटी किती होतात हेही मुलांनी मोजून पाहावे. दोनांना एक, तीनांना चार, चारांना अकरा; n घटनांना 2ⁿ − n − 1. दहा घटना असतील तर १०१३, त्यातल्या जोड्यांच्या फक्त ४५. आणि नुसती शेवटची अट तपासूनही चालत नाही. C अशक्य असेल तर तिघींचा गुणाकार शून्य आणि छेदही शून्य, अट पास. A आणि B मात्र एकमेकींना कितीही चिकटलेल्या असू शकतात.

ज्या कॅडेटांना हे सगळे सोपे वाटले त्यांच्यासाठी चौथी चौकी बांधतो. तीन नाणी, पहिल्या तीन चौक्या आपापल्या नाण्यावर. तीन नाण्यांत छापे विषम आले की चौथी चौकी रिकामी. आठ ओळी लिहा. कुठल्याही दोन चौक्या स्वतंत्र निघतील, कुठल्याही तीनही परस्पर स्वतंत्र निघतील, चौथ्या अटीसकट. आणि चारही एकाच रात्री रिकाम्या असण्याची संभाव्यता सोळांत एक असायला हवी होती, ती आठांत एक निघेल.